पावती आहे, नोंद आहे, पण बेरीज जुनीच: एक्सेलच्या ‘मॅन्युअल’ बटणाची गोष्ट

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत जुलैच्या एका शनिवारी सी विंगमधले एक आजोबा ऑफिसात आले. एका हातात थकबाकीची नोटीस, दुसऱ्या हातात मेंटेनन्स भरल्याची पावती. नोटिशीत ४,५०० रुपये बाकी आणि वर व्याज. पावतीवर तीच रक्कम, आठ दिवसांपूर्वीची तारीख आणि ऑफिसचा शिक्का. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, “हे पैसे गेले कुठे?”

पैसे कुठेच गेले नव्हते. बँकेत होते आणि एक्सेलच्या शीटमध्ये त्यांची नोंदही होती. ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंनी ती त्याच दिवशी केली होती. तरी नोटीस गेली, आणि त्यांच्यासारखी आणखी सात घरांत गेली. मी समितीवर आहे आणि पोटासाठी ऐरोलीतल्या एका कंपनीत दिवसभर एक्सेलच वापरते, म्हणून फाइल माझ्याकडे आली. चूक कुणाच्या टायपिंगमध्ये नव्हती, बेरजेच्या फॉर्म्युल्यातही नव्हती. कुणीतरी कधीतरी एक सेटिंग बदललं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. अशी फाइल ठाण्यातल्या किती सोसायट्यांमध्ये, दुकानांमध्ये, क्लासेसमध्ये चालू असेल कुणास ठाऊक. म्हणून हे सावकाश सांगते.

## एका चौकटीत दोन गोष्टी असतात

आमच्या फाइलमध्ये सात विंगांच्या सात शीट आहेत आणि समोर एक गोषवारा. प्रत्येक विंगेत अठरा मजले, मजल्यावर चार घरं, म्हणजे ७२ घरं. सी विंगच्या शीटमध्ये डी रकान्यात येणं, ई रकान्यात जमा आणि एफ रकान्यात बाकी. गोषवाऱ्यात सी विंगची एकूण जमा दाखवणारा फॉर्म्युला अगदी साधा आहे:

```
=SUM('C Wing'!E5:E76)
```

हा फॉर्म्युला टाइप करून एंटर दाबलं की चौकटीत आकडा दिसतो. आपल्याला वाटतं की एक्सेल तो आकडा आत्ता, आपल्यासमोर मोजून दाखवतंय. खरं तर त्या चौकटीत दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात: एक फॉर्म्युला आणि दुसरी, तो शेवटचा मोजला तेव्हा आलेलं उत्तर. पडद्यावर दिसतं ते उत्तर. फाइल सेव्ह केली की दोन्ही गोष्टी सेव्ह होतात. मोबाइलवर मेलमधली फाइल नुसती डोकावून पाहतो तेव्हा सहसा तेच ठेवलेलं उत्तर आपल्यासमोर येतं.

वाण्याकडची उधारीची वही आठवा. वर तारीखवार रकमा, खाली पेन्सिलने लिहिलेली बेरीज. आज एक नवी ओळ चढली तर खालची पेन्सिलची बेरीज आपण होऊन बदलत नाही, ती कुणीतरी खोडून नव्याने लिहावी लागते. एक्सेल हे खोडून लिहिण्याचं काम इतक्या चपळाईने करतं की पेन्सिल आहे हेच आपण विसरतो.

## ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल

हे खोडून लिहायचं कधी, ते एका सेटिंगवर ठरतं. एक्सेलच्या वरच्या पट्टीत `Formulas` वर गेलं की उजवीकडे `Calculation Options` सापडतं. त्यात `Automatic` निवडलेलं असेल तर एखादी रक्कम बदलताच तिच्यावर अवलंबून असलेल्या चौकटी एक्सेल लगेच पुन्हा मोजतं. फक्त अवलंबून असलेल्याच, सगळ्या नाहीत. कोण कुणावर अवलंबून आहे याचा नकाशा त्याने आधीच करून ठेवलेला असतो. ई १७ बदलली तर कुणाकुणाला हलवायचं हे त्याला ठाऊक असतं.

`Manual` निवडलेलं असेल तर एक्सेल बदल टिपून ठेवतं, कुठल्या चौकटी शिळ्या झाल्या त्याची खूण करतं आणि थांबतं. तुम्ही F9 दाबाल तेव्हा मोजतं. वाणी दर ओळीला बेरीज करत नाही, रात्री दुकान बंद करताना एकदाच करतो, तसं. यात गैर काहीच नाही. अट एवढीच की वही बघणाऱ्या प्रत्येकाला ‘बेरीज रात्री होते’ हे ठाऊक असायला हवं. आमच्याकडे ते एकाच माणसाला ठाऊक होतं.

आमची फाइल आधीच्या हिशेबनिसांनी बांधली होती. ती फुगत गेली, प्रत्येक एंट्रीनंतर आठ-दहा सेकंद अडकू लागली, तेव्हा त्यांनी ती मॅन्युअलवर टाकली. काम संपलं की F9 दाबायची त्यांच्या बोटांना सवय होती. मार्चमध्ये त्यांनी काम सोडलं आणि ती सवय त्यांच्याबरोबर गेली. एप्रिलपासून ताई आल्या. त्यांना फाइल मिळाली, पासवर्ड मिळाला, कुठल्या रकान्यात काय भरायचं ते मिळालं. F9 बद्दल कुणी बोललं नाही, कारण ती सूचना आहे असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

## सी विंगमध्ये नेमकं काय झालं

सी विंगचं महिन्याचं येणं ७२ गुणिले ४,५००, म्हणजे ३,२४,००० रुपये. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ६१ घरांचे पैसे आले होते: २,७४,५०० रुपये. त्या दिवशी फाइल बघायला आलेल्या समितीतल्या एका सदस्यांनी काही कारणाने F9 दाबलं असावं, कारण गोषवाऱ्यात हाच आकडा होता आणि तेव्हा तो बरोबर होता.

पुढच्या आठवड्यात आणखी आठ घरांनी पैसे भरले. ताईंनी आठही नोंदी ई रकान्यात केल्या. त्या रकमा हाताने टाइप केलेल्या असल्यामुळे लगेच दिसल्या. पण शेजारच्या एफ रकान्यात बाकीचा फॉर्म्युला होता:

```
=D17-E17
```

तो मोजलाच गेला नाही. ई १७ मध्ये ४,५०० जमा दिसत होते आणि त्याला लागूनच एफ १७ मध्ये ४,५०० बाकी. एकाच ओळीत दोन्ही. हे डोळ्यांना खटकायला हवं होतं, पण नोंदी करणारा माणूस पावती आणि ई रकाना यांच्याकडे बघत असतो. उजवीकडची चौकट यंत्राच्या भरवशावर सोडलेली असते, आणि तो भरवसा मला चुकीचा वाटत नाही.

गोषवाऱ्यातही २,७४,५०० तसेच राहिले. मी फाइल उघडल्यावर पहिली गोष्ट केली ती अशी: सी विंगच्या शीटमध्ये ई ५ पासून ई ७६ पर्यंत माउसने निवडलं आणि खिडकीच्या अगदी तळाच्या पट्टीकडे बघितलं. निवडलेल्या आकड्यांची बेरीज तिथे `Sum` या नावाने दिसते. ती बेरीज एक्सेल निवडीच्या वेळीच करतं, मॅन्युअलचा तिच्याशी संबंध नसतो. तिथे ३,१०,५०० दिसत होते आणि गोषवाऱ्यात २,७४,५००. फरक ३६,००० रुपये, म्हणजे बरोबर आठ घरं. खरी बाकी तीन घरांची, १३,५०० रुपये होती. फाइल मात्र अकरा घरांची, ४९,५०० रुपये दाखवत होती.

त्याच तळपट्टीच्या डाव्या टोकाला `Calculate` असा एक शब्द होता. ‘काही चौकटी मोजायच्या राहिल्यात’ हे एक्सेल एवढ्याच शब्दात सांगतं. तो नुसता शब्द नाही, त्यावर क्लिक केलं तरी मोजणी होते. इतकी महत्त्वाची सूचना इतक्या बारीक अक्षरात, पडद्याच्या कोपऱ्यात असावी याचं मला आजही वाईट वाटतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये शिळ्या आकड्यांवर आडवी रेघ मारून दाखवायची सोय आली आहे. तिचा पर्याय `Calculation Options` मध्येच `Format Stale Values` या नावाने असतो. आमच्या ऑफिसातला एक्सेल जुना आहे, त्यात ती नाही.

आणखी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मॅन्युअलमध्ये एका चौकटीतला फॉर्म्युला खाली ओढला तर खालच्या सगळ्या चौकटींत वरचाच आकडा दिसतो. फॉर्म्युला प्रत्येक ओळीत बरोबर बदललेला असतो, पण उत्तर वरच्याचं चिकटून आलेलं असतं. पंचवीस ओळींत ४,५००, ४,५००, ४,५०० असं रांगेने दिसलं की आधी मोड बघावा.

आणि ताईंची जी दिशाभूल झाली ती हीच: याआधी एका महिन्यात संशय आला म्हणून त्यांनी एका चौकटीवर जाऊन F2 आणि एंटर दाबलं, तेव्हा ती चौकट दुरुस्त झाली. मॅन्युअलमध्येही फॉर्म्युला नव्याने एंटर केला की तेवढी एक चौकट मोजली जाते. त्यांना वाटलं, कधी कधी एक्सेल अडकतं, हलवलं की चालतं. त्या एका घराचा आकडा सुधारला आणि खरं कारण आणखी मागे लपलं.

## “पण माझ्या लॅपटॉपवर तर बरोबर चालतं”

आमचे खजिनदार काका हेच म्हणाले, आणि ते खरं होतं. ते मेलवर आलेली प्रत उघडायचे, एखादी रक्कम बदलून बघायचे आणि थोडं थांबून का होईना, बेरीज आपोआप हलायची. त्यामुळे फाइल ठीक आहे, ताईंच्याच हातून काहीतरी होतंय असा त्यांचा समज झाला. तो समज ताईंवर फार अन्याय करणारा होता.

गोम अशी आहे. मोडची खूण प्रत्येक फाइलमध्ये साठवलेली असते, पण एक्सेल चालू असताना मोड फाइलगणिक वेगळा नसतो. चालू एक्सेलमध्ये एकच मोड, सगळ्या उघड्या फाइलींना तोच. आणि तो ठरवते सगळ्यात आधी उघडलेली फाइल. नंतर उघडलेल्या फाइलींमध्ये काहीही लिहिलेलं असो, एक्सेल ते विचारात घेत नाही.

भजनी मंडळात पहिला टाळ ज्या लयीत वाजतो ती लय सगळे धरतात. मागून येऊन बसलेला माणूस घरी द्रुत लयीत सराव करून आला असला तरी इथे तो विलंबितच वाजवतो. एक्सेलमध्ये पुढचा भागही आहे: मैफल संपवून जाताना प्रत्येकजण तीच लय घरी घेऊन जातो. कारण फाइल सेव्ह करताना तिच्यात चालू मोड लिहिला जातो.

आता काकांचं बघा. सकाळी ते स्वतःची बँकेची फाइल उघडायचे, ती ऑटोमॅटिक. मग सोसायटीची प्रत उघडायचे, ती निमूटपणे ऑटोमॅटिकमध्ये चालायची. बघून झालं की सेव्ह न करता बंद करायचे, त्यामुळे ऑफिसातली मूळ फाइल होती तशीच राहिली. ताई मात्र सकाळी ऑफिसचं कुलूप काढलं की पहिली सोसायटीची फाइल उघडायच्या. एक्सेल मॅन्युअल झालं. दुपारी पाण्याच्या टँकरचा हिशेब उघडला, तोही मॅन्युअलमध्ये. संध्याकाळी सेव्ह केला आणि टँकरच्या फाइललाही ती खूण लागली. मी तपासलं तेव्हा ऑफिसातल्या नऊ फाइलींपैकी सहा मॅन्युअल झाल्या होत्या. त्या सहांपैकी पाच फाइलींना मॅन्युअलची गरज कधीच नव्हती.

कुणीही हाताने निवड न करता मोड बदलण्याचा आणखी एक मार्ग आहे, मॅक्रोचा. मॅक्रो म्हणजे एक्सेलला एका दमात करायला दिलेल्या कामांची यादी. काम वेगाने व्हावं म्हणून मॅक्रो लिहिणारे सुरुवातीला मोजणी बंद करतात आणि शेवटी चालू करतात:

```
Application.Calculation = xlCalculationManual
' इथे मुख्य काम
Application.Calculation = xlCalculationAutomatic
```

मधल्या कामात एरर आला आणि मॅक्रो तिथेच थांबला तर शेवटची ओळ चालतच नाही, आणि एक्सेल मॅन्युअलमध्ये राहतं. त्यानंतर सेव्ह केलेल्या फाइली त्याच अवस्थेत साठतात. बँकेचं स्टेटमेंट ओढून घेणारं एखादं बटण तुमच्या फाइलमध्ये असेल तर हे आधी तपासा.

## “सेव्ह केलं की मोजलं जात नाही का?”

सहसा जातं. `File`, मग `Options`, मग `Formulas` या वाटेने गेलं की `Manual` च्या खाली `Recalculate workbook before saving` अशी एक टिक असते आणि ती मुळात लावलेली असते. ती असेल तर सेव्ह करताना एक्सेल सगळं राहिलेलं मोजून मगच फाइल ठेवतं.

पण ज्याने फाइल जड झाली म्हणून मॅन्युअल केली, तो थोड्या दिवसांत ही टिकही काढतो, कारण दर सेव्हला तेवढंच थांबावं लागतं. आमच्या फाइलमध्ये ती काढलेलीच होती, आणि ही खूणही फाइलबरोबर साठते. त्यामुळे फाइल बंद करून उघडली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी तोच जुना आकडा समोर येत राहिला. जुनं उत्तर फाइलमध्ये नीट जपून ठेवलेलं होतं.

टिक लावलेली असली तरी नोंद आणि सेव्ह यांच्या मधल्या वेळात छापलेला कागद, काढलेला पीडीएफ किंवा उचललेला आकडा शिळाच असतो.

## F9 दाबूनही न सुधारणारी चूक

इथे थोडं थांबते, कारण खरं नुकसान इथे झालं.

मोड शोधून मी Ctrl+Alt+F9 दाबलं. नुसतं F9 एक्सेलने ‘शिळ्या’ म्हणून खूण केलेल्या चौकटी मोजतं. Ctrl+Alt+F9 खूण असो वा नसो, उघड्या असलेल्या सगळ्या फाइलींमधला प्रत्येक फॉर्म्युला नव्याने मोजतं. महिनोन्महिने मॅन्युअलमध्ये राहिलेल्या फाइलला एकदा हेच करावं. गोषवारा ३,१०,५०० झाला आणि बाकी तीन घरांवर आली. माझ्या शेजारी बसलेल्या ताईंनी सुस्कारा सोडला.

पण नोटिशींची फाइल तशीच राहिली. नोटिसा काढायच्या म्हणून ताईंनी सात विंगांचा बाकीचा रकाना कॉपी करून दुसऱ्या फाइलमध्ये `Paste Values` ने चिकटवला होता. सगळेच असं करतात आणि त्यात कारणही आहे: फॉर्म्युले बाहेर गेले की तुटतात. पण असं चिकटवताना फॉर्म्युला मागे राहतो आणि फक्त दिसणारा आकडा पुढे जातो. तो आकडा त्या क्षणी शिळा असेल तर शिळेपणा कायमचा होतो. आता त्या चौकटीत मोजण्यासारखं काही उरलेलंच नसतं. F9 किती वेळा दाबा, टाइप केलेल्या आकड्याला ते काय करणार.

त्या आकड्यावर पुढे व्याज चढलं. आमची सोसायटी तेव्हा थकबाकीवर वर्षाला २१ टक्के सरळ व्याज लावायची. ४,५०० वर एका महिन्याचे ७८ रुपये ७५ पैसे. आठ घरांचे मिळून ६३०. रक्कम छोटी आहे. पण ज्याने वेळेत पैसे भरले त्याच्या दारावर ‘थकबाकीदार’ हा शब्द जाणं छोटं नाही, आणि आजोबा ऑफिसात आले ते ७८ रुपयांसाठी आले नव्हते.

मॅन्युअलमध्ये सॉर्ट केलं तरी असाच धोका असतो. बाकीच्या रकान्यावरून मोठी बाकी वर, छोटी खाली अशी यादी लावली तर एक्सेल दिसणाऱ्या जुन्या आकड्यांवरून क्रम लावतं. नंतर मोजणी झाली की आकडे बदलतात, क्रम मात्र जुनाच राहतो. वरून पहिली वीस नावं उचलली तर त्यात चुकीची माणसं येतात.

म्हणून मोड सापडल्यावर काम संपत नाही. मोड कधीपासून मॅन्युअल होता, त्या काळात या फाइलमधून काय काय बाहेर गेलं, कुठे व्हॅल्यू म्हणून चिकटवलं, कुठला पीडीएफ मेल केला, हे मागे जाऊन बघावं लागतं. आम्हाला त्याला दोन संध्याकाळी लागल्या. एप्रिल, मे आणि जून या तिन्ही महिन्यांच्या याद्या मूळ पावतीपुस्तकाशी ताडून पाहिल्या.

## “मग ऑटोमॅटिक करून टाका, संपलं”

आम्ही केलं, आणि तासाभरात ताईंचा फोन आला: एक पावती टाकली की पडदा गोठतो. हिशेबनिसांनी मॅन्युअल उगाच केलं नव्हतं. जड फाइल हा मूळ आजार होता आणि मॅन्युअल हे त्यावरचं वेदनाशामक.

जडपणाचं कारण फॉर्म्युल्यांची संख्या असेल असं वाटतं, पण एक्सेल हजारो साध्या बेरजा डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं. आमच्याकडे वर्षाची एक यादी होती: ५०४ घरं, बारा महिने, म्हणजे ६,०४८ चौकटी. प्रत्येक चौकटीत विंगचं नाव वाचून त्या शीटमधला आकडा आणणारा `INDIRECT` होता. तो दिसायला हुशार आहे: विंगचं अक्षर बदललं की शीट बदलते. पण शीटचं नाव शब्दात दिल्यामुळे आपण कुणावर अवलंबून आहोत हे एक्सेलला आधी कळत नाही, त्याच्या नकाशात ती रेघच नसते. म्हणून धोका नको म्हणून कुठेही काहीही बदललं तरी एक्सेल असे सगळे फॉर्म्युले पुन्हा मोजतं. सी विंगमध्ये एक पावती टाकली की जी विंगच्या चौकटीही मोजायला बसतात, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्याही. `OFFSET`, `TODAY`, `NOW`, `RAND` हे त्याच जातीचे.

आम्ही त्या ६,०४८ चौकटींमधून `INDIRECT` काढला आणि प्रत्येक विंगसाठी थेट त्या शीटचा पत्ता लिहिला. सात गट, प्रत्येक गटात एकदा लिहून खाली ओढायचं. अर्ध्या दिवसाचं काम. त्यानंतर फाइल ऑटोमॅटिकमध्ये विनाअडथळा चालायला लागली, पावती टाकल्यावर थांबणं जाणवतच नाही. प्रत्येक फाइलचं असं होईल असं मी म्हणणार नाही. लाखो ओळींवर शोध घेणाऱ्या फाइली खरोखर जड असतात आणि त्यांना मॅन्युअल लागतं. पण सात विंगांच्या मेंटेनन्सला ते लागू नये.

## F9 नेही बेरीज हलली नाही तर

तर कारण वेगळं आहे, मोडच्या मागे लागू नका. बहुतेक वेळा रक्कम आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून बसलेली असते. बँकेच्या पोर्टलवरून किंवा व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या रकमांचं असं होतं. चौकटीत ४,५०० दिसतात, पण ते डावीकडे सरकलेले असतात, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असतो आणि `SUM` त्यांना जमेस धरत नाही. अशा रकमा निवडल्या तर तळपट्टीतही `Sum` येत नाही, फक्त `Count` येतो. दोन आजार वेगळे ओळखायची ही सोपी खूण: तळपट्टीची बेरीज बरोबर आणि फॉर्म्युल्याची जुनी असेल तर मोड बघा, दोन्हीकडे रक्कम कमी भरत असेल तर रकमा मजकूर आहेत का ते बघा.

दुसरी शक्यता, नवी ओळ फॉर्म्युल्याच्या पट्ट्याबाहेर गेली आहे. ई ७६ पर्यंतच बेरीज असेल आणि नोंद ई ७७ मध्ये केली असेल तर बिचारा फॉर्म्युला काय करणार.

गूगल शीट्स वापरणाऱ्यांना हा त्रास होत नाही, कारण तिथे साध्या बेरजांसाठी मॅन्युअल मोडच नाही. तिथल्या सेटिंगमध्ये मोजणीबद्दल जे पर्याय दिसतात ते `NOW`, `TODAY`, `RAND` आणि `RANDBETWEEN` यांच्यापुरते आहेत.

## तपासणीचा फॉर्म्युला का लावला नाही

समितीच्या बैठकीत काकांनी चांगला प्रश्न विचारला: गोषवाऱ्याच्या बाजूला एक तपासणीची चौकट ठेवू, बेरीज जुळली नाही की ती लाल होईल. हरकत एकच, ती तपासणीही फॉर्म्युलाच असणार. मॅन्युअलमध्ये तीही मोजली जाणार नाही आणि काल हिरवी होती म्हणून आजही हिरवी राहील. झोपलेल्या चौकीदारावर लक्ष ठेवायला दुसरा झोपलेला चौकीदार.

त्याऐवजी आम्ही गोषवाऱ्याच्या माथ्यावर ‘शेवटची मोजणी’ असं लिहून शेजारी हे ठेवलं आणि त्या चौकटीला तारीख-वेळेचं स्वरूप दिलं:

```
=NOW()
```

`NOW` घड्याळासारखा सतत चालत नाही. एक्सेल मोजणी करतं त्या क्षणीची वेळ तो दाखवतो आणि तिथेच थांबतो. म्हणजे मोजणी झाली नाही तर वेळही जुनीच राहते. त्याचा हा थांबण्याचा गुण इथे नेमका उपयोगी पडतो. एरवी जड फॉर्म्युल्यांमध्ये मी त्याला येऊ देत नाही, पण एका चौकटीचा भार काहीच नाही. एक पथ्य पाळायचं: Shift+F9 फक्त समोरची शीट मोजतं. गोषवाऱ्यावर असताना ते दाबलं तर तिथली वेळ नवी होईल आणि विंगांच्या शीट शिळ्याच राहतील. म्हणून ताईंना F9 च सांगितलं आहे.

आता थकबाकीची यादी नोटीस बोर्डावर लागते तेव्हा तिच्या वरच्या कोपऱ्यात ती वेळ छापलेली असते आणि खाली ताईंची सही. आठ घरांची दिलगिरीची पत्रं समितीच्या लेटरहेडवर गेली, व्याजाचे ७८ रुपये ७५ पैसे रद्द केल्याचा उल्लेख करून. आजोबांचं पत्र द्यायला ताई स्वतः सी विंगला गेल्या. पुढच्या महिन्यात पावती फाडून झाल्यावर आजोबांनी काउंटरवरून वाकून विचारलं, “किती वाजताची मोजणी आहे?” ताईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.